हात दुसऱ्याने उचलला तर जातो का?

१. तीन कागद, तीन आजार

खांदा दुखतोय आणि हात वर जात नाही, असं सांगणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा ठरलेला असतो : "डॉक्टर, हे मानेचं आहे की खांद्याचं?" त्यामागोमाग दुसरा येतो : "शेजारच्यांना फ्रोझन शोल्डर झाला होता, तेच का?"

शाळेच्या कार्यालयात काम करणाऱ्या ५३ वर्षांच्या एक बाई हेच प्रश्न घेऊन आल्या, तेव्हा उत्तरंही सोबत घेऊन आल्या होत्या, आणि तीही तीन. मानेच्या एक्स-रेवर लिहिलं होतं की दोन मणक्यांमधलं अंतर कमी झालंय. खांद्याच्या एमआरआयमध्ये एका कंडरेला अर्धवट चीर दिसली होती. फिजिओथेरपीच्या चिठ्ठीवर होतं फ्रोझन शोल्डर. दोन महिने मानेला पट्टा बांधून झाला होता. त्रास पाच महिन्यांचा होता. सुरुवात रात्रीच्या ठणक्याने झाली, मग उजव्या कुशीवर झोपणं बंद झालं. पुढे अंबाड्याला पिन लावता येईना, पाठीमागे हात नेऊन हूक लावणं सुटलं आणि फडताळातल्या वरच्या फळीवरचा डबा मुलगा काढून देऊ लागला. नऊ वर्षांपासून मधुमेह होता.

तिन्ही कागद खोटे नव्हते. पन्नाशीनंतर मानेच्या मणक्यांची झीज बहुतेकांच्या एक्स-रेत दिसते, आणि कंडरेची थोडीफार चीर अनेकांच्या एमआरआयमध्ये सापडते, त्यांचा खांदा कधी दुखलेला नसला तरीही. फोटोत दिसलेली गोष्ट असते खरी, पण दुखणं तिचंच आहे की नाही हे फोटो सांगत नाही. ते कळायला एक साधा प्रश्न लागतो आणि त्याला यंत्र लागत नाही : हात तुम्हाला उचलता येत नाही, पण तो दुसऱ्याने उचलला तर जातो का?

हा प्रश्न इतका उपयोगी का, हे समजण्यासाठी खांदा आतून पाहायला हवा.

२. कळी असलेला सदरा

खांद्याचा सांधा म्हणजे उथळ बशीत टेकवलेला लाडू. दंडाच्या हाडाचं वरचं टोक गोल असतं, आणि ज्या खोबणीत ते बसतं ती फऱ्याच्या, म्हणजे पाठीवरच्या त्रिकोणी हाडाच्या, कडेला असते. खोबणी उथळ असल्यामुळेच हात सगळ्या बाजूंना फिरतो. लाडू घरंगळू नये म्हणून दोन सोयी आहेत.

पहिली सोय म्हणजे सांध्याभोवतीची पिशवी. पातळ पण चिवट असं हे आवरण बशीच्या कडेपासून लाडवाच्या मानेपर्यंत गेलेलं असतं. जुन्या पद्धतीच्या सदऱ्याला काखेत कळी लावतात, ती आठवा. हात खाली असताना ती चुण्या पडून निमूट बसते आणि हात वर केला की उघडते. कळी नसेल तर हात वर करताना अख्खा सदरा ओढला जातो. खांद्याच्या पिशवीलाही खालच्या बाजूला अशीच सैल घडी असते. निरोगी पिशवीत साधारण २० ते ३० मिलिलिटर द्रव मावू शकतो, म्हणजे तिला पुरेसा सैलपणा असतो.

दुसरी सोय म्हणजे पिशवीवरून जाणाऱ्या चार कंडरा. स्नायू जिथे हाडाला चिकटतो तिथे तो दोरीसारखा होतो, त्या दोरीला कंडरा म्हणतात. या चौघी मिळून लाडवाला मुठीसारखं धरतात आणि फिरवतात. त्यांतली सर्वांत वरची एका चिंचोळ्या जागेतून जाते : खाली दंडाचं डोकं, वर फऱ्याच्या हाडाचा छप्परासारखा पुढे आलेला भाग. झिजते आणि फाटते ती मुख्यतः हीच.

या दोरांना हुकूम येतो मानेतून. मानेच्या मणक्यांमधून निघणाऱ्या नसा खांद्याकडे आणि हाताकडे जातात. तिथे नस दाबली गेली तर दुखणं मानेत न जाणवता खांद्यात किंवा हातात जाणवू शकतं. बेलचं बटण दाराबाहेर असतं, वाजते ती घरात, तसंच हे.

म्हणजे हात वर न जाण्याला तीन वेगवेगळ्या जागा जबाबदार असू शकतात : पिशवी आटली, दोर फाटला, किंवा हुकूम नेणारी तार दाबली गेली. आता तो प्रश्न पुन्हा विचारा. पिशवी आटली असेल तर हात तुम्ही उचला नाहीतर पैलवानाने उचलावा, एका ठरावीक जागी तो अडणार. दोर फाटला असेल किंवा तार दाबली असेल तर तुम्ही उचलू शकत नाही, पण दुसऱ्याने उचलला की हात जातो. रहाटाचा कणा गंजला तर चाक कुणालाच फिरत नाही. दोर तुटला तर पोहरा वर येत नाही, पण चाक हाताने गरगर फिरवता येतं.

३. खांदा खोटं बोलतो, म्हणून कोपर बरगडीला

परीक्षा सोपी वाटते, पण तिच्यात एक फसगत आहे. हात पूर्ण वर जातो तेव्हा त्याचे १८० अंश एकट्या सांध्याने होत नाहीत. ढोबळमानाने १२० अंश सांधा देतो आणि ६० अंश फरा पाठीवर सरकून देतो. सांधा आखडला की माणूस नकळत फऱ्याचा वाटा आधीच वापरायला लागतो. हात उचलताना खांदा कानाकडे चढतो, धड दुसऱ्या बाजूला झुकतं, आणि बघणाऱ्याला वाटतं की हात निम्मा तरी जातोय. त्या निम्म्यातला मोठा भाग उसना असतो.

म्हणून हात वर करण्याआधी तो बाहेर फिरवून पाहायचा. स्टुलावर ताठ बसा. दोन्ही कोपरं बरगडीला चिकटवा. हवा तर मध्ये घडी केलेला छोटा टॉवेल धरा, तो पडता कामा नये. कोपरात हात काटकोनात वाकवा, अंगठे वर. आता कोपरं न हलवता दोन्ही पंजे दार उघडल्यासारखे बाहेर न्या. या हालचालीत फऱ्याला फारशी लबाडी करता येत नाही. चांगल्या बाजूचा पंजा साधारण ५० ते ७० अंश बाहेर जातो. पण आकड्यापेक्षा दोन बाजूंमधला फरक महत्त्वाचा. मग घरातल्या कुणीतरी समोर बसून दुखऱ्या बाजूचं मनगट धरून सावकाश, झटका न देता, तोच हात आणखी बाहेर जातो का ते पाहावं.

बाईंचं माप असं आलं : डावा हात ६० अंश, उजवा १० अंश. मी धरून नेला तर १५, आणि तिथे तो रबर ताणून संपावं तसा थांबला. वर उचलण्यात त्यांचे स्वतःचे ९५ अंश होते, पण मी दुसऱ्या हाताने फरा दाबून धरला तेव्हा ६०च्या आसपासच अडलं. मान सगळीकडे वळत होती आणि ती वळवल्याने खांद्यातली कळ वाढत नव्हती. कोपर बरगडीला ठेवून मी त्यांच्या हाताला विरोध केला तेव्हा जोर चांगला लागला, म्हणजे दोर काम करत होते. एमआरआयमधली अर्धवट चीर तिथे होती, पण हात अडवत होती ती पिशवी.

एक सावधगिरी सांगायला हवी. दुखणं फार तीव्र असेल तर स्नायू आपोआप आवळतात आणि दुसऱ्यालाही हात फिरवू देत नाहीत. तेव्हा ही परीक्षा फसते. दुखणं ओसरल्यावर किंवा डॉक्टरांनी बधिर करणारं औषध टोचल्यावर ती पुन्हा करावी लागते. आणि हात बाहेर फिरत नाही म्हणजे फ्रोझन शोल्डरच, असंही नाही. सांध्याचा संधिवात असेल तरी तो अडतो. फिट येऊन गेल्यावर किंवा विजेचा झटका बसल्यावर दंडाचं डोकं मागच्या बाजूला निखळून अडकतं, तेव्हाही हात अगदी असाच जखडतो, आणि समोरून काढलेल्या एक्स-रेत ते सहज नजरेतून सुटतं. म्हणून एक साधा एक्स-रे, दोन बाजूंनी, काढावाच. फ्रोझन शोल्डरमध्ये तो बहुधा स्वच्छ येतो.

४. आटलेली पिशवी

'फ्रोझन शोल्डर' हे नाव बॉस्टनच्या अर्नेस्ट कॉडमन या सर्जनने १९३४ मध्ये रूढ केलं. १९४५ मध्ये नेव्हायझर या दुसऱ्या सर्जनने अशा खांद्यांत पिशवी जाड होऊन हाडाला चिकटल्याचं पाहिलं आणि आजाराला 'चिकटण्या'चं नाव दिलं. पुढच्या निरीक्षणांत कळलं की चिकटण्यापेक्षा आटणं जास्त असतं. आधी पिशवीला सूज येते, मग ती जाड होते, आक्रसते. काखेतली कळी शिवून टाकल्यासारखी बंद होते. २०-३० मिलिलिटर मावणाऱ्या पिशवीत मग जेमतेम ५-१० मिलिलिटर मावतं.

हा आजार मुख्यतः ४० ते ६० या वयात येतो, बायकांमध्ये जास्त. मधुमेह असणाऱ्यांत तो कितीतरी अधिक दिसतो आणि हट्टीपणाने टिकतो. थायरॉइडच्या रुग्णांतही दिसतो. त्यामुळे चाळिशी-पन्नाशीत खांदा विनाकारण जखडला आणि साखर कधी तपासलेली नसेल, तर ती तपासावी. काही जणांना मधुमेहाचा पत्ता अशा वेळीच लागतो.

त्याच्या तीन अवस्था आहेत आणि उपचार अवस्थेप्रमाणे बदलतो. लोकांचं चुकतं ते इथे. पहिली अवस्था ठणक्याची : काही महिने, रात्री जास्त, हात रोज थोडा अधिक अडतो. दुसरी जखडण्याची : दुखणं उतरतं, हात मात्र अडलेलाच. तिसरी सुटण्याची. सगळं मिळून साधारण एक ते तीन वर्षं. बहुतेकांचा हात कामापुरता सुटतो, काहींना शेवटचे काही अंश कायमचे गमवावे लागतात.

पहिल्या अवस्थेत पिशवीला सूज असते. तेव्हा जोराने ओढून व्यायाम करवणं म्हणजे सुजलेल्या जागी रोज नवी जखम करणं. "सहन करा, त्याशिवाय सुटणार नाही" हे वाक्य या काळात चुकीचं आहे, ते कुणीही म्हणो. टेबलावर चांगला हात टेकून, पुढे वाकून, दुखरा हात लंबकासारखा सैल झुलवायचा. टेबलावर फडकं पुढे सरकवत न्यायचं. एवढंच, पण दिवसातून चार-पाच वेळा. व्यायामानंतर वाढलेलं दुखणं अर्ध्या तासात खाली यावं. रात्रभर ठणकत राहिलं तर उद्याचा व्यायाम कमी करायचा. सांध्यात दिलेलं स्टिरॉइडचं इंजेक्शन याच काळात सर्वांत उपयोगी पडतं : ते दुखणं उतरवतं, आणि दुखणं उतरलं की हात हलवता येतो. मधुमेह असेल तर त्यानंतर काही दिवस साखर चढते, तेव्हा ती घरी रोज मोजायची आणि औषध वाढवायचं का हे आधीच विचारून ठेवायचं. बाईंना इंजेक्शन दिलं तेव्हा चार दिवस साखर चढलेली होती, पाचव्या दिवशी उतरली.

दुसऱ्या अवस्थेत ताणाचे व्यायाम येतात. चांगल्या खांद्यावरून आंघोळीचा टॉवेल पाठीमागे सोडून, त्याचं खालचं टोक दुखऱ्या हातात धरून, चांगल्या हाताने तो वर ओढणं, काठी धरून हात बाहेर ढकलणं, वगैरे. ते फिजिओथेरपिस्टकडून शिकावेत. इथेच "भूल देऊन खांदा मोकळा करू" किंवा "दुर्बिणीने पिशवी कापू" हे पर्याय समोर येतात. ब्रिटनमध्ये ५०३ रुग्णांवर झालेला आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास आहे. त्यात हे दोन उपाय आणि इंजेक्शनसह पद्धतशीर फिजिओथेरपी यांची तुलना केली होती. वर्षभरानंतर कोणताही एक उपाय दुसऱ्यांपेक्षा ठळकपणे सरस ठरला नाही. म्हणून मी शस्त्रक्रियेची घाई करत नाही. सहा महिने नीट उपचार करूनही हात हलेना, तेव्हा तिचा विचार.

५. एसटीचा दांडा

आता दुसरा खांदा. ६४ वर्षांचे एक गृहस्थ एसटीत वरचा दांडा धरून उभे होते. ब्रेक लागला, सगळं वजन त्या हातावर आलं, खांद्यात काहीतरी तुटल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी चहाचा कप उचलून ओठांपर्यंत नेता येईना. एक्स-रे काढला, हाड मोडलेलं नव्हतं. गळ्यात हात अडकवायची पट्टी, गोळ्या आणि दीड महिना विश्रांती.

एक्स-रेत हाड दिसतं, दोर दिसत नाही. या गृहस्थांची परीक्षा बाईंच्या अगदी उलट आली. खाटेवर उताणे झोपवून मी हात उचलला तर तो कानापर्यंत सहज गेला. बसवून, हात आडवा धरून, "आता हळूहळू खाली आणा" म्हटलं, तर थोडा खाली येऊन तो धपकन पडला. सोनोग्राफीत वरची कंडरा पूर्ण तुटलेली आणि आत ओढली गेलेली दिसली.

पडल्यामुळे किंवा झटक्याने अशी अचानक तूट झाली की वेळ महत्त्वाची असते. तुटलेलं टोक रबरासारखं आत सरकतं, आणि त्याचा स्नायू बिनकामाचा पडून महिन्या-महिन्याने चरबीत बदलत जातो. त्यानंतर तो शिवणं अवघड होतं, कधी अशक्य. म्हणून मार बसल्यावर हात उचलताच येत नसेल आणि एक्स-रे चांगला असेल, तर दीड महिना थांबू नका. दोन-तीन आठवड्यांत सोनोग्राफी किंवा एमआरआय करून अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा. हे गृहस्थ आठव्या आठवड्यात पोचले. शिवता आलं, पण ताणून.

झिजून हळूहळू पडलेली चीर मात्र वेगळी. तिच्यात हात वर नेताना मधल्या टप्प्यात, साधारण ६० ते १२० अंशांमध्ये, कळ येते आणि त्याच्या वर गेलं की कमी होते, कारण त्या मधल्या टप्प्यात कंडरा छप्पराखाली चेपली जाते. अशा खांद्याला बारा आठवडे शिस्तीने केलेले जोर वाढवण्याचे व्यायाम बहुधा पुरतात. सत्तरीच्या पुढच्या कित्येकांना अशी चीर असते आणि ते निवांत धुणं वाळत घालत असतात.

६. डोक्यावर हात

मानेची तक्रार ओळखायला थोडं बारकाईने ऐकावं लागतं. "खांदा दुखतो" म्हणताना माणूस हात कुठे ठेवतो ते पाहा. पिशवी किंवा कंडरेचं दुखणं असेल तर तो पंजा दंडाच्या वरच्या बाहेरच्या भागावर ठेवतो आणि कळ सहसा कोपराच्या वरच थांबते. मानेचं असेल तर मान आणि खांद्याच्या मधला उतार किंवा फऱ्याच्या आतली कड दाखवतो, आणि कळ कोपर ओलांडून बोटांपर्यंत जाऊ शकते. अंगठ्यात किंवा मधल्या बोटात मुंग्या येतात. मान मागे आणि दुखऱ्या बाजूला वळवली की हातात विजेसारखी कळ जाते.

याची एक खूण मला फार आवडते. नस दाबलेला माणूस रात्री हात उचलून डोक्यावर ठेवून झोपतो, कारण तसं केल्यावर नसेवरचा ताण सैल होतो आणि बरं वाटतं. फ्रोझन शोल्डरवाल्याला हात डोक्यावर नेताच येत नाही.

अडचण येते पाचव्या नसेची. ती दाबली तर हात उचलण्याची ताकद जाते, दुखणं कधी फारसं नसतं, बोटांत मुंग्याही नसतात. चित्र अगदी कंडरा तुटल्यासारखं. तेव्हा कोपर वाकवण्याचा जोर तपासायचा. तोही कमी असेल तर संशय मानेवर, कारण कोपर वाकवणाऱ्या स्नायूलाही तीच नस जाते. खात्री मग एमआरआय आणि नसांच्या तपासणीने होते. मानेची बहुतेक दुखणी काही आठवड्यांत औषध आणि व्यायामाने उतरतात. पण शर्टाची बटणं लावता येईनात, चालताना तोल जाऊ लागला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर मज्जारज्जूच दाबला जात असण्याची शक्यता आहे. तिथे त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

आणखी एक. हात कसाही फिरवला तरी खांद्याच्या दुखण्यात फरक पडत नाही, पण जिना चढताना ते वाढतं, सोबत घाम किंवा दम लागतो, तर खांद्याचा विचार सोडा आणि आधी ईसीजी काढा.

७. चौदा महिन्यांनंतर

बाईंच्या मानेचा पट्टा पहिल्याच दिवशी निघाला. इंजेक्शननंतर तीन आठवड्यांत त्या रात्री झोपू लागल्या. उजवा हात बाहेर फिरण्याचे १० अंश चौथ्या महिन्यात २५ झाले आणि चौदाव्या महिन्यात ५०. फडताळातला डबा त्या आता स्वतः काढतात. पाठीमागे हात मात्र डाव्याइतका वर पोचत नाही, आणि बहुधा पोचणारही नाही. पुढून हूक असलेलं पोलकं त्यांनी कधीच शिवून घेतलंय. त्याच खांद्याला हा आजार सहसा पुन्हा होत नाही. दुसऱ्या खांद्याला तो काही वर्षांत होऊ शकतो, म्हणून महिन्यातून एकदा त्या स्टुलावर बसून, टॉवेल काखेत धरून, दोन्ही पंजे बाहेर नेऊन बघतात.